शॉर्टमधला तोटा घातलेल्या पैशावर थांबत नाही

‘शेअर नसला तरी आधी विका, पडला की स्वस्तात घ्या, मधला फरक आपला. सव्वातीनला दलाल सौदा आपोआप कापतो. फार तर घातलेले पैसे जातील, त्यावर एक रुपया नाही.’

चोपड्याच्या भाच्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, वीस हजार टाकू का?" नको टाकू.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. शेअर पडला तर शॉर्ट करणारा, म्हणजे असं आधी विकणारा, कमावतो, आणि दिवसापुरतं तसं करायला परवानगीही आहे. पण मुळात ही उसनवारी आहे. शेजाऱ्याकडून दहा क्विंटल कापूस उसना आणून ७,००० च्या भावाने विकला, तर त्याला ७०,००० रुपये नाही, दहा क्विंटल कापूसच परत द्यायचा असतो. भाव ६,००० झाला तर १०,००० सुटतील. पण २०२२ च्या सुरुवातीला तो १०,००० च्या वर गेला होता. तसं झालं तर ३०,००० घरातून घालावे लागतील. भाव पडून पडून शून्यावर थांबतो. वर जाताना त्याला छत नाही.

आता ते ‘आपोआप कापतो’. सगळ्यात घातक थाप हीच. सौदा कापायचा म्हणजे शेअर परत विकत घ्यायचा, आणि त्यासाठी विकणारा हवा. समज, भाच्याने २०,००० मार्जिनवर, म्हणजे दलालाकडे ठेवलेल्या तेवढ्या रकमेवर, १०० रुपयांचे १,००० शेअर विकले. दुपारी बातमी आली आणि शेअरला २० टक्क्यांचं अप्पर सर्किट लागलं, म्हणजे त्या दिवशी भाव त्याहून वर जाऊ शकत नाही. भाव १२०, घेणाऱ्यांची रांग, विकणारा एकही नाही. तोटा आवरायला आधीच लावून ठेवलेली स्टॉपलॉस ऑर्डर तशीच पडून राहते, दलालाची ऑर्डरही रांगेतच. बाजार बंद झाला की १,००० शेअर देण्याची जबाबदारी भाच्याची, आणि त्याच्याकडे एकही नाही. मग एक्स्चेंज ते लिलावात घेतं, बिल भाच्याला. लिलावात १३२ चा भाव लागला तर तोटा ३२,०००, दंड-खर्च वेगळा. घातलेले २०,००० गेलेच, वर १२,००० देणं.

हे फक्त छोट्या शेअरचं नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्शने जाहीर केलं की फोक्सवॅगनचे सुमारे ७४ टक्के शेअर आपल्या हातात आहेत किंवा आपल्या सौद्यांत बांधलेले आहेत. २० टक्के जर्मनीतल्या एका राज्याच्या सरकारकडे होते. बाजारात फिरायला उरले जेमतेम ६ टक्के, आणि उसने घेऊन विकलेले त्याहून जास्त. शॉर्टवाले परत घ्यायला धावले आणि दोन दिवसांत भाव साधारण २१० युरोंवरून १,००० च्या वर गेला. शंभराला विकलेलं पाचशेला घ्यायची पाळी आली.

आणि ते १२,००० दलाल सोडत नाही. त्यावर व्याज लागतं, आणि डीमॅटमधले दुसरे शेअर विकूनही तो वसूल करू शकतो. भाच्याच्या डीमॅटमध्ये माझ्या बहिणीने जपून ठेवायला सांगितलेले शेअर आहेत.