राग काढला नाही दादा, रागाला तारीख लावली

⭐⭐ "4 मार्चला फ्रँकफर्टहून मुंबईला उतरलो, बॅग आलीच नाही. एअरलाइनला लिहिलेलं कडक पत्र यांच्याकडे फक्त ग्रामर बघायला दिलं, तर यांनी सगळा रागच काढून टाकला, 'लॉस्ट' शब्द उडवला, माझी 5 लाखांची मागणी 1 लाख 38 हजारांवर आणली. 350 रुपये घेतले. 15 तारखेला पत्र पाठवलं, आठ दिवस झाले, साधं उत्तर नाही."

नमस्कार दादा, मी या इंग्रजी पत्रं तपासून देणाऱ्या दुकानाची मालकीण. तुमचं पत्र मीच बघितलं होतं त्यामुळे मीच उत्तर देते. बॅगेत काय काय होतं ते इथे लिहीत नाही, ते तुमचं खासगी आहे.

आधी 'लॉस्ट'चं सांगते. तुम्ही पत्र आणलंत तेव्हा बॅग न येऊन 11 दिवस झाले होते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, त्यात बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून 21 दिवस गेले की किंवा एअरलाइननेच हरवल्याचं कबूल केलं की मग तुम्ही हरवली म्हणून हक्क मागू शकता, त्याआधी ती 'डिलेड'. अकराव्या दिवशी 'लॉस्ट' लिहिलं की समोरच्या क्लेम डेस्कवरच्या माणसाला एका ओळीत सुटका मिळते, "शोध चालू आहे, बॅग अजून लॉस्ट नाही", आणि तुमचं पत्र बंद! म्हणून "हॅज नॉट बीन डिलिव्हर्ड टिल डेट" असं लिहिलं, ते कुणालाच खोटं म्हणता येत नाही. (आणि खरं सांगू का, मूळ पत्रात "आय ॲम लॉस्ट सिन्स 4 मार्च" होतं, म्हणजे बॅग नाही, तुम्हीच हरवलात. हसण्यावारी नेत नाही, घाईत असं सगळ्यांचंच होतं.)

राग काढला म्हणता, तर "यू पीपल आर थीव्ज" हे एक वाक्य काढलं, मान्य. चोरी म्हटलं की पुरावा आणा म्हणतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. पण त्याच्याच खाली तुमचं "काइंडली डू द नीडफुल" होतं, ते मला त्या चोरवाल्या वाक्यापेक्षा जास्त खटकलं, कारण त्यात नेमकं काय करायचं, कधीपर्यंत करायचं काहीच नाही. वर शिवी आणि खाली विनवणी! त्याजागी पीआयआरचा, म्हणजे बॅग न आल्याची विमानतळावर जी लेखी नोंद होते तिचा नंबर, बॅग टॅगचा दहा आकडी नंबर, कपडे-औषधं घ्यावी लागली त्यांच्या पावत्या जोडून तो खर्च आताच द्या, आणि 25 मार्चपर्यंत बॅग नाही आली तर पूर्ण किमतीचा दावा करणार, असं लिहिलं. भाषा सभ्य आहे पण पळवाट कुठेच ठेवलेली नाही.

5 लाखांचं म्हणाल तर त्याच करारात बॅगेसाठी एका प्रवाशामागे मर्यादा आहे, 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत ते साधारण पावणेदोन ते दोन लाख होतात, दर रोज हलतो. त्याच्यावर मागायचं तर चेक-इनला जास्त किंमत जाहीर करून जादा पैसे भरलेले असावे लागतात, तुम्ही भरले नव्हते हे मी तेव्हाच विचारलं होतं. 1 लाख 38 हजार हा आकडा माझा नाही हो, तुम्ही दिलेल्या यादीचीच बेरीज आहे. 5 लाख लिहिले असते तर बेरीज आणि मागणी जुळली नसती आणि मग खरी यादी पण फुगवलेली वाटते.

आता आमचं चुकलं ते. हे सगळं मी तुम्हाला पत्र देतानाच सांगायला हवं होतं, त्या दिवशी गर्दी होती आणि मुलाने नुसता प्रिंट हातात दिला, त्यामुळे तुम्हाला वाटलं असणारच की न विचारता बदललं. दुसरं म्हणजे खर्चाच्या परिच्छेदात "ॲट द अर्लिएस्ट" माझ्या नजरेतून सुटलं, तिथे तारीख हवी होती. कदाचित म्हणूनच उत्तर लांबलं असेल, नक्की नाही सांगता येत, काही एअरलाइन तशाही गप्पच बसतात. 350 परत करते.

आज 23 आहे. 25 ला 21 दिवस पूर्ण होतात, 26 ला सकाळी दुसरं पत्र जाऊ दे, त्यात 'लॉस्ट' बिनधास्त लिहायचं, आधीच्या पत्राची तारीख टाकायची, उत्तराला 15 दिवसांची मुदत द्यायची. मध्येच बॅग आली तर उघडून बघितल्याशिवाय सही करू नका, काही तुटलं-फुटलं असेल तर 7 दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि उशिराची तक्रार बॅग हातात आल्यापासून 21 दिवसांत.

पीआयआर, बोर्डिंग पास आणि टॅगचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाका, इथे नको. दुसऱ्या पत्राचे पैसे घेणार नाही, आणि यावेळी एकेक ओळ फोनवर वाचून दाखवते, तुम्हाला पटल्यावरच पाठवू.