जीएमपी खरा ठरतो, पण तो कधी बघितलेला?

आयपीओ आला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहिला प्रश्न कंपनी काय करते हा नसतो. "जीएमपी किती चाललाय?" हा असतो. जीएमपी म्हणजे ग्रे मार्केट प्रीमियम: शेअर बाजारात येण्याआधीच अनधिकृत सौद्यांत त्याला इश्यूच्या किमतीवर किती रुपये जास्त मिळतायत तो आकडा. माझ्या ओळखीतले चांगले शिकलेले, बँकेत आणि आयटीत काम करणारे लोकही या एका आकड्यावर अर्ज भरतात. त्यांचं म्हणणं असं, की "अरे, बहुतेक वेळा बरोबर येतो." हे "बहुतेक वेळा" जरा उकलून बघायला हवं.

उदाहरण ह्युंदाई मोटर इंडियाचं घेऊ. ऑक्टोबर २०२४ मधला हा आयपीओ २७,८७० कोटींचा, तोवरचा देशातला सर्वात मोठा. सप्टेंबर संपता संपता त्याचा जीएमपी ५७० रुपयांच्या आसपास सांगितला जात होता. गंमत बघा, किंमतपट्टा जाहीर झाला ऑक्टोबर उजाडल्यावर: १,८६५ ते १,९६० रुपये. म्हणजे कंपनी शेअर कितीला देणार हेच ठाऊक नसताना त्याच्यावर किती रुपये जास्त मिळणार, याचा भाव फिरत होता. हा "प्रीमियम" नेमका कशाच्या वर होता, हे कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पट्टा महाग वाटला. सगळा इश्यू ऑफर फॉर सेलचा, म्हणजे पैसा कोरियातल्या मूळ कंपनीकडे जाणार, इथल्या कंपनीकडे रुपयाही नाही. त्यातच परदेशी संस्थांनी त्या महिन्यात विक्रमी विक्री लावली होती आणि निफ्टी सप्टेंबरच्या शिखरावरून घसरत होता. जीएमपी पावणेसहाशेवरून उतरत शून्याच्या आसपास आला, मधूनच उणेही झाला. २२ ऑक्टोबरला एनएसईवर शेअर उघडला १,९३४ ला आणि दिवसअखेर १,८२० च्या आसपास बंद झाला.

आता बघा, जीएमपीचे समर्थक याही प्रकरणाला "बरोबर आला" असंच म्हणतील. शेवटी शेवटी जीएमपी शून्याजवळ होता आणि शेअर इश्यूच्या किमतीच्या थोडासा खाली उघडला, मग अंदाज जवळपास खराच की! माझा आक्षेप नेमका इथे आहे. जीएमपी किती अचूक ते मोजताना लिस्टिंगच्या आदल्या रात्रीचा आकडा धरला जातो. अर्ज मात्र त्याआधीच झालेला असतो. ह्युंदाईचा इश्यू १७ ऑक्टोबरला बंद झाला, यूपीआयवरचं मँडेट मंजूर करायची वेळ संध्याकाळी पाचला संपली. त्यानंतर आकडा कितीही शहाणा झाला तरी तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. ज्या आकड्यावर तुम्ही निर्णय घेता तो एक, आणि ज्याची बढाई मारली जाते तो वेगळा.

हा आकडा येतो कुठून? अहमदाबाद, राजकोट, मुंबई अशा ठिकाणचे काही दलाल फोनवर आणि मेसेजवर सौदे करतात. अलॉट होणारा शेअर आधीच ठरवलेल्या प्रीमियमला घेतला-विकला जातो, तो जीएमपी. अख्खा अर्जच विकायचा आणि शेअर लागो न लागो ठरलेली रक्कम घ्यायची, तो कोस्टक. अर्ज लागला तरच पैसे, तो 'सब्जेक्ट टू'चा सौदा. हे सगळं तोंडी. एक्स्चेंज नाही, क्लिअरिंग नाही, सेबीचा संबंध नाही. वेबसाइटवर "आजचा जीएमपी ८५" असं छापून येतं, पण त्या ८५ ला दहा शेअरचा सौदा झाला की दहा हजारांचा, हे कुठेच नसतं. सौदा झाला की नुसताच कुणी भाव बोलला, हेही नाही. आणि भाव सांगणाऱ्या दलालाने स्वतः आधी माल धरला असेल, तर तो चढाच सांगणार. भाव फारच फिरला तर समोरचा सरळ फोन उचलत नाही. तक्रार करणार कुठे?

याउलट लिस्टिंगच्या सकाळी जो भाव ठरतो त्याचं यंत्र पूर्ण वेगळं आहे. नऊ ते दहा असं खास प्री-ओपन सत्र असतं. त्यात सगळ्या ऑर्डर एकत्र येतात आणि ज्या भावाला सर्वात जास्त शेअरची खरेदी-विक्री जुळते तो उघडण्याचा भाव. त्यात म्युच्युअल फंड असतात, परदेशी फंड असतात, आयपीओत हवे तेवढे शेअर न मिळालेल्या संस्था असतात. ही मंडळी राजकोटच्या दलालाकडे सौदा करायला जात नाहीत. म्हणून टाटा टेक्नॉलॉजीजच्या वेळी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उलटी चूक झाली. ५०० रुपयांच्या शेअरवर ग्रे मार्केट चारशेच्या आसपास प्रीमियम सांगत होतं आणि तो उघडला १,२०० ला. लोक खूश झाले म्हणून कुणी याला चूक म्हटलं नाही, पण चारशे सांगून सातशे निघणं ही चूकच.

आता पैशाचा खरा मुद्दा. टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये किरकोळ हिस्सा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेला भाग, सोळा पटींहून जास्त भरला होता. अशा वेळी लॉटरी लागते, लागला तर एक लॉट, आणि बहुतेकांना काहीच नाही. ह्युंदाईत किरकोळ हिस्सा निम्माच भरला, म्हणजे ज्याने जेवढे मागितले तेवढे सगळे त्याच्या गळ्यात पडले. सात शेअरचा लॉट, १३,७२० रुपयांचा. ज्याने पावणेसहाशेच्या स्वप्नात दोन लाखांच्या मर्यादेपर्यंत चौदा लॉट भरले, त्याच्याकडे ९८ शेअर आले. मनातला हिशेब पंचावन्न हजारांच्या फायद्याचा. पहिल्या दिवशीच्या बंद भावाला प्रत्यक्षात शेअरमागे १४० रुपये, म्हणजे १३,७२० रुपयांचं नुकसान: बरोबर एका लॉटची किंमत! जीएमपी खरा ठरतो तिथे तुम्हाला शेअर लागत नाहीत आणि खोटा ठरतो तिथे पोतंभर लागतात. त्यामुळे "दहापैकी आठ वेळा बरोबर" असलं गणित तुमच्या खिशाला लागूच होत नाही.

(ह्युंदाईचा शेअर २०२५ मध्ये इश्यू किमतीच्या बराच वर गेला, हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका. जीएमपी बघून आलेला माणूस पहिल्याच दिवशी विकून निघायला आलेला असतो, नऊ महिने थांबायला नाही.)

मग बघायचं काय? पहिल्याच दिवशी विकायचं असेल तर मी शेवटच्या दिवशी दुपारनंतर संस्थांचा हिस्सा किती भरला ते बघतो, कारण त्यांचे अर्ज बहुतेक तेव्हाच येतात आणि तो आकडा एक्स्चेंजच्या साइटवर मिळतो. तोही हमी देत नाही. ह्युंदाईत संस्थांचा हिस्सा जवळजवळ सात पट भरला होता आणि तरी शेअर खाली उघडला. पण निदान तो खऱ्या अर्जांचा आकडा आहे. आणि किरकोळ हिस्सा शेवटच्या दिवशीही रिकामा दिसत असेल, तर मागू तेवढे मिळणार हे धरूनच लॉट ठरवतो.

जानेवारी २०२५ मध्ये सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच यांनी अलॉटमेंट ते लिस्टिंग या मधल्या दिवसांत नियमनाखाली शेअरची खरेदी-विक्री करू देण्याचा विचार बोलून दाखवला होता. तसं झालं तर ग्रे मार्केटच्या तोंडी भावाऐवजी खरा, नोंदलेला भाव दिसेल आणि सौदा बुडण्याची भीती जाईल. ज्याला शेअर लागलेत त्याला लवकर बाहेरही पडता येईल. पण तो बाजार सुरू होणार अलॉटमेंट झाल्यावर. अर्ज भरायचा की नाही, हे ठरवताना तो आकडाही समोर नसेल.