ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमधलं वार्निश काढू नका

«ट्रान्सफॉर्मरचा कोअर पत्र्यांचा करतात तो फक्त थंड राहावा म्हणून. तेवढ्याच लोखंडाचा अखंड ठोकळा बसवला तरी काम तेच होईल. पत्र्यांमधलं वार्निश तर उलट चुंबकीय प्रवाह अडवतं. ते खरवडून काढलं तर ट्रान्सफॉर्मर आणखी चांगला चालेल.»

ही समजूत चुकीची आहे. तिच्यातला थंड राहण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. कोअरच्या पत्र्यांमध्ये हवा खेळायला जागाच नसते. ते इतके घट्ट दाबलेले असतात की गठ्ठ्याच्या जाडीतला सुमारे ९६ टक्के भाग पोलादच असतो. उष्णतेला एका पत्र्यातून दुसऱ्यात जाणं अखंड लोखंडापेक्षा अवघडच पडतं, म्हणून मोठ्या कोअरमध्ये तेल फिरायला मुद्दाम वेगळ्या फटी ठेवाव्या लागतात. पत्रे उष्णता घालवण्यासाठी नसतात, ती मुळात कमी निर्माण व्हावी म्हणून असतात.

ही उष्णता येते कुठून? कोअरमधला चुंबकीय प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो. बदलत्या चुंबकीय प्रवाहाभोवती विद्युतदाब तयार होतो, तो जसा तांब्याच्या वेढ्यात होतो तसा खुद्द लोखंडातही होतो. लोखंड वाहक असल्याने त्यात गोल फिरणारे विद्युतप्रवाह सुरू होतात. हेच एडी करंट, म्हणजे भोवरा प्रवाह. ते उपयोगाचं काही करत नाहीत, फक्त लोखंड तापवतात.

आता ठोकळ्याचे दहा पत्रे करा. प्रत्येक पत्र्यातून एक दशांश चुंबकीय प्रवाह जातो, म्हणून त्यातला विद्युतदाबही एक दशांश होतो. भोवऱ्याची वाट मात्र दहापट अरुंद झाल्याने रोध साधारण दहापट वाढतो. तापणं दाबाच्या वर्गावर ठरतं, म्हणून एका पत्र्यातला तोटा हजारपट घटतो. असे दहा पत्रे मिळून एकूण तोटा शंभरपट कमी. लोखंड तेवढंच, तोटा मात्र जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

आकड्यांत पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या खास सीआरजीओ पोलादाचा पत्रा ०.३ मिमी जाडीचा, चुंबकीय घनता १.५ टेस्ला, वारंवारता ५० हर्ट्झ. नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर एडी करंटचा तोटा किलोला सुमारे ०.२३ वॅट येतो. १०० किलोच्या कोअरला २३ वॅट. तोच कोअर ३ मिमी पट्ट्यांचा केला तर सुमारे २,३०० वॅट, तेही ट्रान्सफॉर्मरवर काहीच भार नसताना! प्रत्यक्ष मोजमाप या साध्या सूत्राशी तंतोतंत जुळत नाही, पण फरक किती मोठा आहे ते यातून कळतं. अखंड ठोकळ्यात तर आणखी वाईट घडतं. भोवरे इतके जोरदार होतात की ते चुंबकीय प्रवाहाला आत शिरूच देत नाहीत. तो पृष्ठभागाजवळच्या थोड्या जाडीत कोंडला जातो आणि आतलं लोखंड नुसतं वजन म्हणून राहतं.

वार्निश चुंबकीय प्रवाह अडवतं, ही समजूत दिशा न पाहिल्याने होते. चुंबकीय प्रवाह पत्र्याच्या लांबीच्या दिशेने वाहतो आणि लेप त्याला समांतर असतो, म्हणजे त्याच्या वाटेत येतच नाही. आडवं जायचं असतं ते भोवऱ्यांना, आणि लेप त्यांनाच अडवतो. कोपऱ्यांतल्या सांध्यांवर मात्र चुंबकीय प्रवाहाला फट ओलांडावी लागते, म्हणून तिथे पत्रे एकमेकांवर चढवून रचतात.

लेप जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, आणि तेवढा पुरतो. १०० मिमी रुंद, ०.३ मिमी जाड पत्र्यात भोवऱ्याभोवतीचा दाब जेमतेम १० मिलिव्होल्ट असतो. पण लेप खरवडला, किंवा बोथट पात्याने कापल्यामुळे दोन्ही कडांना बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहिली, तर पत्रे एकमेकांना टेकतात आणि अनेक पत्र्यांचा मिळून एक जाड पत्रा होतो. दुरुस्तीत हातोडीने ठोकून बसवलेल्या कोअरमध्ये हीच भीती असते.

ही बिघाडी ओळखता येते. एक वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या वेढ्यांचा एक संच, उघडं ठेवून दुसऱ्याला विद्युतदाब द्यायचा आणि वॅटमीटर वाचायचा. मग वारंवारता ४० हर्ट्झ करून दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे ८० टक्के, ठेवायचा. चुंबकीय घनता तीच राहते. हिस्टेरेसिसचा, म्हणजे पोलादाचं चुंबकत्व सारखं उलटवण्यात होणारा, तोटा वारंवारतेच्या प्रमाणात घटतो, एडी करंटचा तिच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. समजा ५० हर्ट्झला १०० वॅट आणि ४० ला ७४ वॅट आले, तर हिस्टेरेसिसचे ६२.५ आणि एडी करंटचे ३७.५ निघतात. दुरुस्तीनंतर हेच आकडे १६० आणि ११२.४ झाले, तर हिस्टेरेसिस ६२.५ वरच आहे आणि एडी करंट ९७.५ वर गेला आहे. म्हणजे पोलाद ठीक आहे, लेप गेला आहे; कोअर उघडून पत्र्यांच्या कडा तपासायला हव्यात.