मागचं विमान मुंबईत उतरलं, मग आमचंच अहमदाबादला का वळवलं?

दर जुलैत हा प्रश्न फेसबुकवर येतो आणि खाली वैमानिकाला चार शब्द सुनावलेले असतात. प्रश्न रास्त आहे, राग मात्र चुकीच्या माणसावर निघतो. पावसाळ्यात सात-आठ मिनिटांच्या अंतराने आलेल्या दोन विमानांना खरोखर दोन वेगळी विमानतळं भेटतात. हे कसं, ते एका उदाहरणावरून सांगतो. समजा, दुपारी चार वाजता मुंबईचा हवामान अहवाल असा आहे:

```
METAR VABB 051030Z 25022G34KT 0400 R27/0500D +RA BKN004 OVC010 26/25 Q1002
```

वारा २५० अंशांवरून, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडून, २२ नॉट, झोत ३४ नॉटपर्यंत. मुसळधार पाऊस. ढगांचा तळ ४०० फुटांवर. आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग R27/0500D: २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरची दृश्यता ५०० मीटर आणि ती कमी होत चालली आहे. धावपट्टीच्या कडेला बसवलेली यंत्रं हा आकडा मोजतात. त्याला आरव्हीआर म्हणतात.

आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा. तिच्या साध्या कॅट-१ प्रकाराने उतरायला सर्वसाधारणपणे ५५० मीटर आरव्हीआर लागतो, आणि निर्णयाची उंची, म्हणजे तोवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर उतरणं सोडायची उंची, २०० फूट. ढग ४०० फुटांवर म्हणजे उंचीच्या बाबतीत वाव आहे. तरीही हे विमान उतरू शकत नाही, कारण आरव्हीआर ५० मीटरने कमी आहे. जमिनीपासून १००० फुटांवर येण्याआधी आकडा मर्यादेखाली गेला, तर अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, पुढे नेताच येत नाही. १००० फूट ओलांडल्यावर घसरला, तर २०० फुटांपर्यंत जाऊन बघायची मुभा असते. या दोन उंचींमध्ये फक्त मिनिटभराचं अंतर असतं. पावसाची एक सर धावपट्टीवरून सरकली की आरव्हीआर ५०० चा ९०० होतो, आणि मागचं विमान बिनबोभाट उतरतं. नियम दोघांना एकच होता, सर एकाच्या वाट्याला आली.

२०० फुटांवर वैमानिकाला काय दिसतं, हेही समजून घ्यायला हवं. तेव्हा विमान धावपट्टीच्या टोकापासून साधारण ८५० मीटर दूर असतं. ५५० मीटर दृश्यतेत त्याला धावपट्टी दिसतच नाही, अलीकडच्या अप्रोच लाइट्सची रांग दिसते. (पूर्ण लांबीची रांग ९०० मीटरची असते ती याचसाठी.) त्यात काचेवरून पाणी वाहत असतं, वायपर पूर्ण वेगात असतात. ओल्या काचेतून प्रकाश वाकतो, आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होतो आणि हात नकळत विमान खाली दाबू लागतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात नजर बाहेर गेली तरी दुसऱ्या वैमानिकाने आकड्यांवरून नजर हटवायची नसते.

‘दिल्लीसारखं कॅट-३ बसवा, प्रश्न मिटेल’ असं दरवर्षी कोणीतरी लिहितं. कॅट-३ म्हणजे अगदी कमी दृश्यतेतही उतरू देणारी आयएलएस. तरी मला ते पटत नाही. दिल्लीच्या धुक्यात वारा जवळपास पडलेला असतो, त्यामुळे विमान आपोआप उतरवता येतं. मुंबईच्या पावसात वाराच मोठी अडचण असतो, आणि ऑटोलँडला वाऱ्याच्या स्वतंत्र, कडक मर्यादा असतात. दृश्यतेची अट सैल केली तरी झोत आणि पाणी तिथेच राहतात.

वाऱ्याचं गणित बघा. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा, दहा-दहा अंशांत: २७ म्हणजे २७० अंश. २५० वरून २५ नॉट वारा धरला, तर २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर तो जवळजवळ समोरून येतो, आडवा घटक फक्त साडेआठ नॉट. हाच वारा दुसऱ्या, १४/३२ धावपट्टीवर साडेतेवीस नॉट आडवा होतो. १४ च्या दिशेने उतरलात तर साडेआठ नॉट पाठीमागूनही येतो, आणि ३२ च्या वाटेत ट्रॉम्बेची टेकडी आहे. १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान २७ वर उतरताना पुढे घसरून मातीत रुतलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. तेव्हा एवढी उड्डाणं का रद्द झाली आणि वळवली गेली, त्याचं मोठं कारण या गणितात आहे. दोन धावपट्ट्या आहेत हे खरं, पण त्या एकमेकींना छेदतात आणि भर पावसात कामाची खरं तर एकच.

पाठीमागचा वारा आणि ओली धावपट्टी एकत्र आली की काय होतं, ते ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला दिसलं. पाऊस, मागून वारा, पहिला प्रयत्न सोडलेला, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ४४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. एकवीस जीव गेले.

आता पाणी. धावपट्टी नुसती ओली असेल तर ब्रेक बऱ्यापैकी लागतात, अहवालात तिला ६ पैकी ५ हा कोड मिळतो. साचलेलं पाणी ३ मिलिमीटरच्या वर गेलं की कोड थेट २ वर येतो. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग काढायचं जुनं सूत्र आहे: टायरमधल्या दाबाच्या (पीएसआयमध्ये) वर्गमुळाला ९ ने गुणा. २०० पीएसआयला उत्तर येतं सुमारे १२७ नॉट. मध्यम आकाराचं जेट १३५-१४० नॉटने टेकतं. म्हणजे पाणी साचलेलं असेल तर पहिल्या काही सेकंदांत ब्रेकवर भरवसाच नाही, वेग कमी करायचा तो पंखांवर उभ्या राहणाऱ्या झडपांनी, म्हणजे स्पॉयलरने, आणि इंजिनांच्या उलट्या जोराने, म्हणजे रिव्हर्स थ्रस्टने. म्हणूनच अशा वेळी हळुवार लँडिंगचं कौतुक करू नये. ठरलेल्या जागी, ठाम टेकलेलं विमान पाणी कापून डांबराला भिडतं. टेकण्याच्या जागी टायरचं रबर साचून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तेही खरवडून काढावं लागतं. मे महिन्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सहा तास बंद ठेवून पावसाळापूर्व डागडुजी करतात. त्या सहा तासांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

उरलं इंधन. दिल्लीहून आलेल्या ए३२० मध्ये मुंबईजवळ पोचताना समजा ५४०० किलो इंधन आहे. अहमदाबादला जायला अंदाजे २२०० आणि कधीही हात न लावायचा अर्ध्या तासाचा साठा १२००, म्हणजे ३४०० किलोवर निघायलाच हवं. हातात उरले २०००. घिरट्या घालताना मिनिटाला साधारण ४० किलो जळतात. वीस मिनिटं थांबलं की ८०० गेले. मग एक प्रयत्न, तो सोडून पुन्हा वर जाणं म्हणजे गो-अराउंड, पुन्हा रांगेत शिरून वळसा: आणखी ७००-८००. उरलेल्या चारपाचशे किलोत दुसरा प्रयत्न बसत नाही. मागचं विमान कदाचित हजार किलो जास्त घेऊन आलं होतं, म्हणून ते थांबू शकलं.

आणि अहमदाबादच का? गोवा त्याच किनाऱ्यावर, बहुतेकदा त्याच ढगांच्या पट्ट्यात. पुणे जवळ आहे, पण हवाई दलाचा तळ आणि जागा थोडी. म्हणून अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद. तिथेही पार्किंग भरत जातं. उशिरा निघालेल्याला पहिल्या पसंतीचं विमानतळ ‘जागा नाही’ म्हणू शकतं. त्यामुळे दुसरा प्रयत्न न करता लवकर वळणारा कॅप्टन मला जास्त शहाणा वाटतो. त्याच्या हातात अजून दोन-तीन विमानतळं शिल्लक असतात.

वळवलेल्या विमानात बसून असाल तर ‘कधी निघणार’ याऐवजी दोन गोष्टी विचारा: इंधन भरून झालं का, आणि कर्मचाऱ्यांची ड्यूटीची वेळ किती उरली आहे. मुंबईचं आकाश मोकळं झालं तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तासापेक्षा कमी असेल, तर बहुधा नवे कर्मचारी येईपर्यंत थांबावं लागेल.