खडूच्या फळ्यावरचा शब्द टाइप करून दुरुस्त होत नाही

«मेन्यूच्या फळ्याच्या फोटोत स्पेलिंग चुकलंय? दोन मिनिटांचं काम. चुकीचा शब्द हीलिंगने पुसा, तिथे खडूवाला फॉन्ट घेऊन पांढऱ्या रंगात बरोबर शब्द टाइप करा, थोडा ब्लर मारा आणि वरून स्मज टूल फिरवा. कुणाच्या बापाला कळत नाही.»

कळतं हो. ज्याला फोटोतलं काहीही येत नाही त्यालासुद्धा "इथे काहीतरी चिकटवलंय" एवढं तरी कळतंच, फक्त का ते सांगता येत नाही. ते का ते मी एका खऱ्या फोटोवरूनच सांगतो. मालवणात एक खानावळ आहे, पडवीत फळा टांगलेला, त्यावर रोज जे मासे येतील तसा मेन्यू. सुरमई थाळी, बांगडा फ्राय, तिसऱ्या सुखं, सोलकढी. यातलं "सुखं" चुकलंय, "सुकं" हवं होतं. फोटो एकदम छान आलेला, एका बाजूने पडवीतला उजेड, लाकडी चौकट वगैरे, म्हणून तोच छापायला द्यायचा होता. परत काढू म्हटलं तर खानावळवाल्या काकी म्हणाल्या, "फळो कालच पुसलंय, आता खयचो फोटो काढतलंस?" म्हणजे आहे त्याच फोटोत दुरुस्ती.

आता पहिली गोष्ट, अख्खा शब्द पुसायचाच कशाला? चूक एका अक्षरात आहे. आणि ख नीट बघा, त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे व. त्याच व च्या दांडीला उजवीकडे एक आकडा जोडला की झाला क. म्हणजे डावीकडचा र सारखा भाग काढायचा, उजवा भाग तसाच ठेवायचा, आणि आकडा खाली सोलकढीतल्या क चा उचलायचा. सु, अनुस्वार, शिरोरेघ, दांडी हे सगळं त्याच हाताचं, त्याच खडूचं राहतं. जितकं कमी पुसाल तितकं कमी खोटं तयार करावं लागतं, या कामात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

शिरोरेघ तर अजिबात पुसायची नाही. आपल्याकडे बरेच जण अक्षरं लिहून झाल्यावर वरची रेघ एका दमात ओढतात, त्यामुळे ती सुरुवातीला जाड, पुढे खडू घसरत गेलेला आणि शेवटी विरळ अशी असते. ती मधेच तोडून जोडली की सांधा दिसतो म्हणजे दिसतोच.

हीलिंगचं म्हणाल तर ते चुकीच्या जागी वापरलं जातंय. हीलिंग टूल आजूबाजूच्या रंगाशी मिळवून घेतं, आणि इथे आजूबाजूला असतो पांढरा खडू, मग तो पांढरा आत ओढला जातो आणि एक राखाडी, गुळगुळीत डाग उरतो, फळ्याचा दाणा गायब. इथे क्लोन स्टॅम्प लागतो, तो जसंच्या तसं उचलतो. वर एक रिकामा लेयर घ्या, फोटोशॉपमध्ये `Current & Below` आणि गिम्पमध्ये `Sample merged` लावा, ब्रश लहान आणि कडा थोडी मऊ ठेवा, आणि सोर्स त्याच ओळीच्या लगतच्या मोकळ्या जागेतून घ्या. लांबून घेतला तर उजेड बदललेला असतो, आमच्या फोटोत फळ्याची डावी बाजू उजवीपेक्षा सरळ सरळ उजळ होती. र च्या पायाची रेघ व च्या गोलापर्यंत जाते, तिथे सावकाश, नाहीतर गोलच खाल्ला जातो.

आणि जागा काळी कुळकुळीत करू नका! फळा कधीच काळा नसतो. कालचं, परवाचं लिखाण पुसून त्याची पांढरट छटा राहिलेली असते, ओल्या फडक्याचे वाळलेले पट्टे असतात. खरोखर कुणी बोटाने र पुसला असता तरी तिथे थोडं धुरकट राहिलंच असतं, म्हणून मी क्लोनच्या लेयरची ओपॅसिटी ९० टक्क्यांच्या आसपास ठेवली, जुनं अक्षर वाचता येत नाही पण जागा कोरीही वाटत नाही.

र गेल्यावर सु आणि उरलेल्या भागात भोक पडतं. म्हणून शिरोरेघेखालचा व आणि तिच्या वरचा अनुस्वार थोडे डावीकडे सरकवले, शिरोरेघ तशीच ठेवली. नुसतं सरकवायचं, लहान-मोठं करायचं नाही, कारण साइज बदलली की दाणा बदलतो. याचा अजून एक फायदा, दांडीच्या उजवीकडे आकड्यासाठी जागा झाली आणि त्यावर शिरोरेघ आधीपासून होतीच.

आता फॉन्ट. खडूच्या फॉन्टमधली भोकं फॉन्टवाल्याने ठरवलेली असतात, आणि खऱ्या खडूतली भोकं फळ्याच्या खडबडीने ठरतात, खडू उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत बसत नाही. शिवाय खडू पांढराशुभ्र नसतो. आमच्या फोटोत ० ते २५५ च्या मापात खडू साधारण २१५ होता आणि फळा ४५, त्यात २५५ चा टाइप केलेला शब्द ट्यूबलाइटसारखा चमकला असता.

आकडा उचलून लावताना लेयरचा मोड `Screen` करतात, म्हणजे काळं दिसेनासं होतं आणि खडू राहतो. बरोबर आहे, पण फळा काळा नाही ना! ४५ वर ४५ स्क्रीन केलं की ८२ होतं, आणि आकड्याभोवती उजळ चौकोन दिसायला लागतो. म्हणून आधी उचललेल्या तुकड्यावर `Levels` मध्ये काळ्याचा पॉइंट ६० वर आणा. फळा पूर्ण काळा होतो, खडू २०३ वर उतरतो, आणि स्क्रीन झाल्यावर परत २१२ ला येतो, म्हणजे मूळच्या जवळपास. दुसऱ्या फोटोत हे आकडे वेगळे येतील, आधी आयड्रॉपरने फळा आणि खडू दोन्ही मोजा.

अख्खा क उचलला असता तर एकाच फोटोत दोन हुबेहूब क दिसले असते, हाताने लिहिणाऱ्याचे दोन क कधीच सारखे नसतात. नुसता आकडा घेतला आणि दोन-तीन अंश फिरवला की तो धोका राहत नाही.

ब्लर तर नकोच. खडूची कड धूसर नसते, तुटक असते. फोटोच आउट ऑफ फोकस असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला स्मज. स्मज टूल पिक्सेल ओढतं आणि दाणा पुसून टाकतं, प्लास्टिकसारखं दिसतं. आमच्या फळ्यावर कुणाची तरी बाही घासून एक तिरका फराटा नेमका सुखंवरून गेला होता, आणि नवा आकडा त्यात एकदम स्वच्छ, म्हणजे फराट्याच्या वर तरंगतोय असा दिसत होता. त्यावर उपाय असा की आकड्याच्या लेयरला मास्क लावायचा, खडबडीत ब्रशने, १५-२० टक्के ओपॅसिटीने, फराट्याच्या दिशेनेच दोनदा-तीनदा फिरवायचं, म्हणजे आकडाही तेवढाच झिजतो. मग फराट्याचाच शेजारचा तुकडा क्लोनने त्यावर अगदी हलका आणायचा.

हे सगळं मूळ फाइलवर करा. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबलेली असते, दाणा आधीच गेलेला असतो, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

झाल्यावर सगळ्यात वर एक `Curves` लेयर टाका आणि काळी बाजू भरपूर उजळ करा. कुठे चौकोन, सपाट डाग किंवा एकच ठिपका दोनदा दिसला तर तेवढंच परत करा, मग तो लेयर काढून टाका. आणि चूक शब्दात नसून दरात असेल तर एडिट करत बसू नका, काकींना फळा परत लिहायला सांगा आणि नवा फोटो काढा, गिऱ्हाईक फोटोतलाच दर धरून येतं.