किनारा साफ करायचाय? फावडं ठेवा, माऊस घ्या

रविवारी पहाटे पाचला उठून, ग्लोव्हज घालून दादर चौपाटीवर कंबर मोडून घ्यायची खरंच काही गरज नाहीये. मोहिमेचा रिझल्ट म्हणजे शेवटी एक 'आधी' आणि एक 'नंतर' असा फोटो, बरोबर ना? मग तो घरी चहा पिताना पण होतो.

'आधी'चा फोटो जुलैमध्ये काढा, मोठी भरती येऊन गेली की लगेच, तेव्हा नाल्यांनी समुद्रात सोडलेलं सगळं समुद्र इमानदारीत परत आणून देतो. 'नंतर'चा काढा जानेवारीत. पाऊस नाही, नाल्यांना जोर नाही, कचरा आपोआपच कमी, क्रेडिट मात्र तुमचं. आणि यात एडिटिंगच नाही, म्हणजे पकडणार तरी काय? फक्त फोटोखाली तारखा टाकू नका.

तरी भरतीच्या रेषेवर थोडं राहतंच. ते फोटोशॉपमध्ये पुसा, छोटी पाकिटं हीलिंग ब्रशने, बाटल्या क्लोन स्टॅम्पने. घाई करू नका हां, कारण बाटली जाते पण तिची सावली राहते, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब राहतं, आणि एक कावळा राहतो जो रिकाम्या वाळूत मन लावून काहीतरी ओढतोय. खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्या तर फारच दगाबाज, तीच नक्षी दोन ठिकाणी दिसली की झूम करणारा लगेच हसतो. कोणी मूळ RAW फाईल मागितलीच तर कार्ड करप्ट झालं म्हणा. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेवाले अशी मूळ फाईल तपासतात आणि २०१५ ला शेवटून दुसऱ्या फेरीतले साधारण वीस टक्के फोटो त्यांनी बाद केले होते, तेव्हा तिकडे पाठवू नका म्हणजे झालं.

प्रीवेडिंगच्या फोटोतली बाटली पुसली तर कोणाचं काही जात नाही, ते लग्न आहे, बातमी नाही. पण तुमच्या फोटोखाली 'मोहिमेनंतर किनारा स्वच्छ' असं लिहिलेलं असतं, म्हणून आधी काय पुसायचं ते नीट ठरवा. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा पुसा, नाहीतर लोक बोटींकडे बघतील. गुटख्याच्या पुड्या पुसा, नाहीतर नाल्याला जाळी का नाही असं कोणीतरी विचारेल. आणि थर्माकोलची प्लेट तर सगळ्यात आधी, राज्यात तिच्यावर २०१८ पासून बंदी आहे, मग ती फोटोत कशी काय? हे सगळं गेलं की उरते नुसती वाळू, आणि वाळूला कोणी विचारत नाही की तू कुठून आलीस.

फोटो टाकल्यावर मात्र आठवडाभर तिकडे फिरकू नका. कावळा अजून तिथेच आहे.