तीन रोध आणि एक फसवं सूत्र

"नववीच्या पालकांनी जपून ठेवा! सर्किटची गणितं १० सेकंदांत. १) समांतर जोडणीत कितीही रोध असोत, सगळ्यांचा गुणाकार भागिले सगळ्यांची बेरीज. २) करंट नेहमी सगळ्यात कमी रोधाच्या वाटेनं जातो, बाकीचे रोध धरायचेच नाहीत. ३) एकसर जोडणीत पहिल्या रोधाला जास्त करंट, पुढच्यांना उरलेला. सर्वांना पाठवा!"

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरत फिरत हे आता माझ्या भाचीच्या वहीत लाल शाईच्या चौकटीत जाऊन बसलंय. वर शेजारच्या काकू म्हणतात, "क्लासवाल्यांनीच पाठवलंय, चुकीचं कसं असेल?" असं आहे, काकू.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. रोध दोनच असतील तर 'गुणाकार भागिले बेरीज' बिनचूक चालतं. तिसरा आला की कोसळतं. १००, २२० आणि ४७० ओहम समांतर जोडलेत असं धरा. मेसेजच्या हिशेबानं गुणाकार १,०३,४०,०००, बेरीज ७९०, म्हणजे उत्तर जवळजवळ १३,०८९. तिघांतला मोठ्यात मोठा रोध ४७०, आणि एकत्र जोडल्यावर तेरा हजार? काहीतरीच काय राव! शिवाय तीन ओहमांच्या गुणाकाराला ओहमनं भागलं की उरतो ओहमचा वर्ग. म्हणजे ते उत्तर रोध नाहीच, एकक तिथंच बोंब मारतंय.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' हा धडा आहे, तो उघडा. समांतर जोडणीत बेरीज होते ती व्यस्तांची: 1/R = 1/R₁ + 1/R₂ + 1/R₃. दोन रोधांसाठी हे सोडवलं की खाली साधी बेरीज येते, म्हणून ती युक्ती जमते. तीन रोधांना मात्र खाली दोन-दोनांचे गुणाकार येतात: १००×२२०, २२०×४७० आणि १००×४७०. त्यांची बेरीज १,७२,४००. तिनं वरच्या गुणाकाराला भागलं की उत्तर ६० ओहम, अगदी किंचित कमी. युक्ती सोडवतच नसेल तर जोडीजोडीनं वापरा. आधी १०० आणि २२० मिळून ६८.७५, मग ते आणि ४७० मिळून पुन्हा ६०.

उत्तर बरोबर की चूक, ते न सोडवताही ताडता येतं. समांतर जोडणीचा परिणामी रोध सगळ्यात लहान रोधापेक्षा कमीच हवा. आणि तिन्ही रोध १०० चेच असते तर तो ३३.३ आला असता, इथं बाकीचे दोन मोठे आहेत, म्हणून त्याहून जास्त हवा. ३३ ते १०० च्या बाहेरचं उत्तर खोडायचं.

कागदावर विश्वास नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून हेच तीन रोध आणा आणि समांतर जोडा. १०० वर तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे, २२० वर लाल-लाल-तपकिरी, ४७० वर पिवळा-जांभळा-तपकिरी. शेवटचा पट्टा सोनेरी म्हणजे ५ टक्के इकडंतिकडं, त्यामुळं मल्टिमीटरवर ५७ ते ६३ मधलं काहीही दिसलं तरी ठीक. मोजताना सेल जोडलेला नको. आणि जोडणीत असताना एकट्या १०० च्या दोन टोकांना पिना लावल्या तरी ६०च दिसणार, कारण बाकीचे दोघेही त्याच टोकांना जोडलेले आहेत. रोध खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, एक पाय सोडवून मोजा.

मग १.५ व्होल्टचे दोन सेल लावा, म्हणजे ३ व्होल्ट. ९ व्होल्टची बॅटरी नको. १०० ओहममध्ये तेव्हा ०.८१ वॅट उष्णता होते आणि नेहमीचा पाव वॅटचा रोध करपतो. ३ व्होल्टला धारा अशी विभागते: १०० मधून ३० मिलिअँपिअर, २२० मधून १३.६, ४७० मधून ६.४. एकूण ५०.

दुसरा मुद्दा इथंच निकालात निघाला. सर्वांत मोठा वाटा कमी रोधाला मिळतो हे मान्य, पण बाकीचे दोघे मिळून २० मिलिअँपिअर नेतायत, ते कुठं जिरवायचे? हां, रोधांना समांतर एक नुसती तार टाकली तर जवळपास सगळी धारा तारेतूनच जाते. त्याला शॉर्ट सर्किट म्हणतात. परीक्षेतल्या आकृतीत अशी तार दाखवलेली नसेल तर एकही रोध सोडायचा नाही.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. हेच तिघे एकसर जोडले की रोध ७९० आणि धारा ३.८ मिलिअँपिअर, पहिल्यात तीच, शेवटच्यातही तीच. अ‍ॅमीटर दोन रोधांच्या मध्ये कुठंही घाला, आकडा हलत नाही. वाटलं जातं ते विभवांतर: ०.३८, ०.८४ आणि १.७८ व्होल्ट. रोधांची जागा आपापसांत बदलून पाहा, ४७० पहिला आला तरी त्याच्यावर १.७८च.